घरी सुशी-सेविचे करताय? कच्चा मासा, अळ्या आणि फ्रीजरबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हल्ली घरी सुशी करणारे वाढलेत आणि सेविचे तर त्याहून सोपं वाटतं, मासा कापा, लिंबू पिळा, कांदा-मिरची-कोथिंबीर घाला, झालं. त्यामुळे कच्च्या माशातल्या अळ्या आणि त्या मारायला मासा आधी गोठवणं याबद्दलचे प्रश्नही तेच तेच येतात. एकदाच नीट लिहून ठेवते.

लिंबाच्या रसात मासा पांढरा होतो, म्हणजे शिजतोच ना? मग अळ्या कशा जिवंत राहतील?

माशाचं मांस पांढरं आणि घट्ट होतं ते आंबटपणामुळे, प्रथिनांची घडी आम्लाने उलगडते आणि उष्णतेनेही उलगडते, म्हणून दिसायला दोन्ही सारखंच दिसतं. पण अळीला त्याचं काही नाही. ज्या अळीबद्दल आपण बोलतोय, अॅनिसाकिस तिचं नाव, ती मुळात प्राण्यांच्या पोटात जगायला बनलेली आहे, जठरातलं आम्ल तिला रोजचं, आणि वरून तिच्या अंगावर जाड कातडीसारखं आवरण असतं. लिंबात १५ मिनिटं ठेवा नाहीतर रात्रभर ठेवा, मासा रबरासारखा होईल, अळी वळवळत राहील.

स्पेनमध्ये हे चांगलंच अनुभवलंय. तिथे बोकेरोनेस नावाचा प्रकार फार खातात, छोटे अँकोव्ही मासे व्हिनेगरमध्ये मुरवलेले, आणि तिथल्या अॅनिसाकिसच्या केसेसमध्ये हाच पदार्थ सगळ्यात जास्त वेळा सापडतो. व्हिनेगर आपल्या लिंबापेक्षा काही कमी आंबट नसतं. शेवटी २००६ मध्ये त्यांनी कायदाच केला की हॉटेलांनी असले मासे आधी फ्रीझ करायचे, मग व्हिनेगरमध्ये घालायचे.

ही अळी नक्की कसली?

नाव अॅनिसाकिस. गोलकृमींच्या घराण्यातली, साधारण २ ते ३ सेंटिमीटर लांब, पांढरट, आणि माशात घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळी करून बसलेली असते. मोठे किडे व्हेल आणि डॉल्फिनच्या पोटात राहतात, त्यांची अंडी विष्ठेतून समुद्रात येतात, तिथे कोळंबीसारखे बारीक जीव त्यांतून निघालेल्या अळ्या गिळतात, त्यांना मासे आणि माकूळ खातात, आणि मासा कच्चा खाल्ला की ती आपल्याकडे येते. माणसाच्या पोटात तिची वाढ काही पूर्ण होत नाही, चुकीच्या घरी आलेली पाहुणी ती, पण मरण्याआधी जठराच्या किंवा आतड्याच्या भिंतीत तोंड खुपसते आणि त्याने जे दुखतं ते फार वाईट.

एक गोष्ट मासे साफ करणाऱ्यांनी लक्षात ठेवायची. मासा जिवंत असताना अळ्या बहुतेक करून आतड्या-लिव्हरच्या आसपास असतात. मासा मेल्यावर, विशेषतः बर्फ नीट नसेल तर, त्यातल्या काही पोटाकडच्या मांसात शिरतात. म्हणून मासा लवकरात लवकर पोट फोडून साफ झालेला बरा, आणि कच्चं खायचं असेल तर पोटाकडची पातळ पट्टी काढून टाका, ती रश्श्यात घाला. याने धोका कमी होतो, संपत नाही.

आपल्या अरबी समुद्रातल्या माशांत असतं का हे? की फक्त थंड देशातलं?

जास्त बोलबाला जपान, स्पेन, हॉलंड इथला, कारण तिथे कच्चं खातात. आपण मासा तळतो नाहीतर कालवणात उकळतो, त्यामुळे अळी असली तरी मेलेली आणि कोणाला पत्ता नाही. पण डॉल्फिन आपल्याही समुद्रात आहेत आणि भारताच्या किनाऱ्यावरच्या माशांतही या कुळातल्या अळ्या सापडलेल्या आहेत. तेव्हा "आपल्याकडे कधी ऐकलं नाही बुवा" हे शिजवून खाणाऱ्यांचं वाक्य आहे, कच्चं खायला बसलात की ते तुम्हाला लागू नाही.

फ्रीझ करायचं म्हणजे किती थंड आणि किती वेळ?

अमेरिकेच्या एफडीएचे आकडे सगळ्यात जास्त वापरले जातात: उणे २० डिग्री सेल्सियस किंवा त्याखाली ७ दिवस. किंवा मोठ्या कारखान्यातल्या ब्लास्ट फ्रीजरमध्ये उणे ३५ ला घट्ट गोठवून तिथेच १५ तास. युरोपात नियम उणे २० ला २४ तास असा आहे आणि लोक तेवढंच वाचून खूश होतात, पण नीट वाचा, ते तापमान माशाच्या प्रत्येक भागात, अगदी मधोमध, पोचलेलं असलं पाहिजे. घरी ते कधी पोचलं हे कोणालाच माहीत नसतं. म्हणूनच स्पेनची सरकारी अन्नसुरक्षा एजन्सी घरच्या लोकांना २४ तास नाही, ५ दिवस सांगते. मी ७ धरते, दोन दिवसांनी काय बिघडतंय.

आणि हा आकडा काही हवेतून आलेला नाही. १९६० च्या सुमारास हॉलंडमध्ये हलकं मीठ लावलेला कच्चा हेरिंग खाऊन लोक पोटदुखीने हॉस्पिटलात यायला लागले, तिथेच हा आजार पहिल्यांदा नीट ओळखला गेला, १९६८ मध्ये हेरिंग गोठवणं सक्तीचं झालं आणि केसेस जवळजवळ बंद झाल्या. हेरिंग डच लोक आजही कच्चाच खातात, शेपटी धरून वरून तोंडात सोडतात, फक्त तो आधी गोठवलेला असतो.

माझ्या घरच्या फ्रिजचा फ्रीजर चालेल का?

बहुतेक घरांत नाही. सिंगल डोअर फ्रिजच्या आतला जो छोटा बर्फाचा कप्पा असतो तो तर विसराच, बर्फ शून्याला होतो, त्यामुळे बर्फ झाला म्हणजे पुरेसं थंड असं काही नसतं. फ्रीजरवर चांदण्या काढलेल्या असतात त्या बघा: एक चांदणी म्हणजे उणे ६, दोन म्हणजे उणे १२, तीन म्हणजे उणे १८. डबल डोअरवाले सहसा उणे १८ च्या आसपास चालतात. उणे १८ आणि उणे २० मध्ये काय फरक असं वाटेल, पण नियम उणे २० चा आहे आणि तुमचं उणे १८ हे दार उघडलं की उणे १२ होतं. शिवाय फ्रॉस्ट फ्री फ्रिज बर्फ साचू नये म्हणून मधून मधून स्वतःलाच गरम करतो, कंपनीने ते आइस्क्रीम आणि मटारासाठी बनवलंय, अळ्या मारायला नाही.

काही डबल डोअरमध्ये सेटिंग उणे २२-२४ पर्यंत जातं, आणि आडवा डीप फ्रीजर, दुकानात आइस्क्रीमचा असतो तसा, तो बरेचदा उणे २० च्या खाली आरामात जातो. हे असेल तर पुढचा प्रश्न वाचा. नसेल तर सरळ कारखान्यात गोठवलेला मासा विकत घ्या आणि विषय संपवा, मी कोणालाही हेच सांगते.

तापमान कसं मोजायचं? डिस्प्लेवर उणे २२ दिसतंय की.

डिस्प्लेवर बरेचदा तुम्ही मागितलेलं तापमान दिसतं, मिळालेलं नाही. वायरच्या टोकाला प्रोब असलेला डिजिटल थर्मामीटर घ्या, ऑनलाइन स्वस्तात मिळतो, फक्त उणे २० च्या बऱ्याच खाली मोजणारा बघून घ्या. प्रोब दोन तुकड्यांच्या मध्ये, सगळ्यात जाड भागाला चिकटवून पिशवीत ठेवा आणि वायर बाहेर काढा. ती लेझरवाली गन नको, ती फक्त पिशवीचा वरचा पृष्ठभाग सांगते.

एकदा पूर्ण करून दाखवा ना, म्हणजे कधी ठेवलं, कधी काढलं.

घ्या. समजा रविवारच्या जेवणाला सुरमईचं सेविचे करायचंय आणि घरात डीप फ्रीजर आहे. म्हणजे सुरुवात आधीच्या आठवड्यातल्या शुक्रवारी, तेही सकाळी.

बाजारात लवकर जायचं, मावशींच्या टोपलीत बर्फ भरपूर आहे का बघायचं, कल्ले उचलून लाल आहेत का बघायचं. दोनेक किलोची सुरमई, तिथेच साफ करून घ्यायची, आणि तुकड्या नकोत, मधला काटा काढून फिले द्या असं सांगायचं. मावशी विचारतील कशाला, सांगू नका, मग लेक्चर ऐकावं लागतं. घरून थर्मासचा डबा आणि बर्फ न्यायचा, हे मी का सांगते ते पुढे कळेल.

घरी आल्यावर पोटाकडची पट्टी कापून वेगळी. उरलेले फिले टिपून कोरडे करायचे, झिपच्या पिशवीत एका थरात, हवा काढून, आणि फ्रीजरच्या तळाला भिंतीला चिकटवून ठेवायचे. एकावर एक रचू नका, ३ सेंटिमीटरचा थर आणि १० सेंटिमीटरचा गठ्ठा यांना गोठायला लागणारा वेळ कितीतरी वेगळा. फ्रीजरची कळ आदल्या दिवशीच सगळ्यात थंडवर फिरवून ठेवलेली असली पाहिजे.

शुक्रवारी दुपारी एकला ठेवलं. रात्री झोपताना प्रोब बघितला तर उणे ५, मासा दगडासारखा टणक लागतोय आणि तरी उणे ५. शनिवारी सकाळी उणे १७, दुपारी दोनला उणे २१. मोजणी इथून सुरू, शुक्रवारपासून नाही. सात दिवस म्हणजे पुढच्या शनिवारी दुपारी दोनपर्यंत. मधल्या मंगळवारी तीन तास लाईट गेली आणि प्रोब उणे १७ वर आला तर? मग आतापर्यंतचे दिवस गेले, परत उणे २० ला पोचेल तेव्हापासून नवे सात, रविवारचा बेत पुढच्या रविवारी, पाहुण्यांना सुरमई फ्राय. कडू आहे पण तसंच करायचं.

लाईट गेली नाही असं धरू. शनिवारी रात्री पिशवी फ्रीजरमधून खालच्या फ्रिजमध्ये, ताटलीत, रात्रभर. व्हॅक्युम पॅक केलेलं असेल तर विरघळायला ठेवण्याआधी पाकीट फोडायचं, बंद पाकिटात हवेशिवाय वाढणारा एक घातक जंतू असतो त्याला संधी द्यायची नाही. ओट्यावर ठेवून विरघळवायचं नाही. रविवारी मासा अजून जरा कडक असतानाच दीड सेंटिमीटरचे चौकोन कापायचे, छान कापले जातात. अर्ध्या किलोला दहा-बारा कागदी लिंबं, मीठ, उभा चिरलेला कांदा, हिरवी मिरची, १५ मिनिटं आणि लगेच वाढायचं. लिंबं फार दाबून पिळू नका, सालीचा कडूपणा उतरतो.

रावस म्हणजे इंडियन सॅल्मन ना? मग त्याची सुशी चालेल?

हा घोळ जबरदस्त आहे. दुकानात पाटी "इंडियन सॅल्मन" असते पण रावसाचा आणि सॅल्मनचा काही संबंध नाही, घराणंच वेगळं. नॉर्वेचा सॅल्मन समुद्रातल्या जाळीच्या पिंजऱ्यात वाढवतात, अंड्यापासून गोळीपेंड खाऊन, त्याच्या खाण्यात जिवंत काही येतच नाही म्हणून अॅनिसाकिसची साखळी तिथे तुटते. म्हणूनच युरोपच्या नियमात अशा पिंजऱ्यातल्या सॅल्मनला गोठवण्यातून सूट मिळू शकते. रावस जंगली, जे सापडेल ते खाणारा. त्याला सूट-बीट काही नाही.

आणि परदेशात राहणाऱ्यांनो, जंगली सॅल्मनही असाच. अलास्काचा सॉकाय वगैरे दुकानात "वाइल्ड" म्हणून जास्त भावाने मिळतो, तो भाजून खायला उत्तम, पण कच्चा खायचा तर गोठवूनच, त्यात अॅनिसाकिसबरोबर एक लांबलचक पट्टकृमी पण असतो.

ट्यूना तर सगळे कच्चाच खातात?

मोठ्या जातीच्या ट्यूनाला, यलोफिन, ब्लूफिन, बिगआय अशांना, अमेरिकन नियमात सूट आहे, त्यांच्या मांसात ही अळी क्वचित. पण आपल्याकडे बाजारात ट्यूना म्हणून जी गेदर येते ती त्या यादीत नाही. जपानमध्ये २०१८ साली कात्सुओमुळे, म्हणजे ट्यूनाचाच एक लहान भाऊ, अॅनिसाकिसच्या केसेस एकदम वाढल्या होत्या. तेव्हा नुसतं ट्यूना नाव ऐकून भुलू नका.

पाकिटावर "सुशी ग्रेड" लिहिलंय, पुरे ना?

अमेरिकेत या शब्दाला कायद्याची काही व्याख्या नाही, विकणारा स्वतःच ठरवतो. दुकानदाराला दोनच गोष्टी विचारा: पाळलेला की जंगली, आणि कोणत्या तापमानाला किती दिवस गोठवला होता. चांगला विक्रेता पटकन सांगतो. "एकदम फ्रेश आहे मॅडम, कालच आलाय, फ्रोजन नाही" असं अभिमानाने सांगणारा जंगली मासा विकत असेल तर कच्चं खाण्यासाठी तो मासा तुमच्या कामाचा नाही.

मीठ, वसाबी, आलं, धुरी, वोडका यातल्या कशाने मरते का?

वसाबी आणि आलं नाही. वोडका नाही. मिठाने मरते पण भरपूर मीठ आणि कित्येक आठवडे लागतात, ग्रॅव्हलॅक्सला आपण मीठ-साखर लावून दोन दिवस ठेवतो त्याने नाही. जपानी लोक बांगड्याच्या भावकीतला साबा मीठ-व्हिनेगर लावून खातात, शिमे साबा, आणि तिथे अॅनिसाकिस होण्याचं तेच एक नेहमीचं कारण. थंड धुरीचा सॅल्मनही धुरीने सुरक्षित होत नाही, त्या धुराला उष्णताच नसते. गरम केलं तर मात्र लगेच, माशाच्या मधोमध ६० डिग्री एक मिनिट पुरतं.

नीट बघून काढून टाकल्या तर?

जपानी शेफ तेच करतात, पातळ कापतात, फिलेखाली दिवा लावून बघतात. पारदर्शक पांढऱ्या माशात बऱ्याच दिसतात, सुरमई-बांगड्यासारख्या गडद मांसात खोलवरच्या दिसत नाहीत. एक सापडली तर उत्साहाने पुढे शोधत बसू नका, तो मासा तव्यावर टाका.

रोहू, कटला, तिलापियाचं सेविचे?

नको. गोड्या पाण्यातल्या माशांचे कृमी वेगळे आणि जास्त वाईट, कारण ते माणसात मुक्काम करतात. ईशान्य थायलंडमध्ये कच्च्या नदीच्या माशातून लिव्हरचा चपटा कृमी होतो आणि वर्षानुवर्षांनी पित्तनलिकेचा कॅन्सर. मेक्सिकोत सिनालोआ भागात तिलापियाच्या सेविचेतून ग्नाथोस्टोमा नावाची अळी लोकांच्या कातडीखाली फिरायला लागली. गोड्या पाण्यातला मासा शिजवूनच.

सात दिवस गोठवला, आता अगदी सेफ?

अळ्यांपासून. बाकीच्यापासून नाही, आणि घरच्या सेविचेने आपल्या हवेत आजारी पडणारे जास्त करून या "बाकीच्या"मुळेच पडतील असं माझं मत. बॅक्टेरिया फ्रीजरमध्ये मरत नाहीत, झोपतात. लिस्टेरिया तर फ्रिजच्या थंडीतही वाढतो. कोळंबी-कालवांतले व्हिब्रिओ, घाणेरड्या पाण्याच्या बर्फातून आलेला कावीळ ए, यावर गोठवणं हा उपाय नाही. गरोदर बायका, अगदी लहान मुलं, वयस्कर, लिव्हरचा आजार असलेले यांना कच्चा मासा देऊच नका.

आणि थर्मासचा डबा ज्यासाठी सांगितला ते म्हणजे हिस्टामाइन. सुरमई, बांगडा, ट्यूना हे मासे उन्हात राहिले की त्यांच्या मांसात बॅक्टेरिया हिस्टामाइन तयार करतात, ते एकदा झालं की फ्रीजरने जात नाही, तळून पण जात नाही. खाताना जिभेला मिरीसारखं चुरचुरतं, मग अर्ध्या-एक तासात तोंड लाल, डोकं दुखतं, अंगावर गांध्या. लोकांना वाटतं माशाची अॅलर्जी आली. चुरचुरलं की घास थुंकून टाका.

खऱ्या अॅलर्जीचंही सांगते. काहींना अॅनिसाकिसचीच अॅलर्जी असते आणि त्यांना मेलेल्या, गोठवलेल्या, शिजलेल्या अळीनेही त्रास होऊ शकतो. त्यांनी काय खायचं ते डॉक्टरशी बोलूनच.

झालंच तर कसं कळेल?

कच्चा मासा खाल्ल्यावर काही तासांत बेंबीच्या वर जोराची कळ, मळमळ, उलटी. जपानमध्ये डॉक्टर लगेच दुर्बीण घालतात, अळी चिमट्याने ओढून काढतात आणि दुखणं थांबतं. आतड्यात गेली तर एक-दोन दिवसांनी दुखतं आणि अपेंडिक्ससारखं वाटतं. आपल्याकडे अॅसिडिटीचं औषध देऊन घरी पाठवायची शक्यता मोठी, म्हणून डॉक्टरना आपणहून सांगा: अमुक वाजता, अमुक मासा, कच्चा खाल्लाय. त्या एका वाक्याने बराच वेळ वाचतो.

गोठवल्याने चव जात नाही का?

थोडी जाते. घरचा फ्रीजर हळू गोठवतो, बर्फाचे मोठे कण होतात, मांसाच्या पेशी फाटतात आणि विरघळल्यावर पाणी सुटतं. सेविचेत ते फारसं कळत नाही, निगिरीत कळतं. सुशीसाठी म्हणूनच ब्लास्ट फ्रीझ केलेला घेतलेला बरा, आणि बाहेरची बरीचशी सुशी तशाच माशाची असते.

उरलेलं सेविचे परत फ्रीझ करू का?

नाही. त्याच दिवशी संपवा. पाहुणे निघून गेल्यावर वाटीभर उरलंच असेल आणि ते सगळा वेळ टेबलावरच असेल तर टाकून द्या, फ्रिजमध्ये होतं तर कढईत तेल तापवा आणि परता, लिंबू-मिरचीचा मासा वरणभाताबरोबर वाईट लागत नाही.